अर्थाकडून शब्दाकडे: बँक परीक्षेतले इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांची झटपट उजळणी

बँकेच्या परीक्षेत वाक्प्रचारावरचा प्रश्न बऱ्याचदा असा येतो. वर एक वाक्प्रचार दिलेला असतो, समजा ‘बाइट द बुलेट’. खाली तीन वाक्ये असतात. पहिल्या वाक्यातली कंपनी बरेच महिने टाळाटाळ करून शेवटी ‘बाइट द बुलेट’ करते आणि तोट्यातल्या शाखा बंद करते. दुसऱ्या वाक्यातला तरुण ‘बाइट द बुलेट’ करून पहिल्याच मुलाखतीत सहज नोकरी मिळवतो. तिसऱ्यात एक बाई लांबणीवर टाकलेली शस्त्रक्रिया ‘बाइट द बुलेट’ करून एकदाची उरकून घेतात. वाक्प्रचार कोणत्या वाक्यांत बरोबर वापरला आहे, एवढेच ओळखायचे. पर्याय पाच असतात: फक्त पहिले, फक्त दुसरे, पहिले व तिसरे, दुसरे व तिसरे, तिन्ही.

ज्याने वहीत या वाक्प्रचारापुढे नुसते ‘धैर्य दाखवणे’ असे लिहून ठेवले आहे, तो इथे हमखास फसतो. मुलाखतीला जायलाही धैर्य लागतेच, असे म्हणून तो ‘तिन्ही’वर बोट ठेवतो. पण या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ आहे, नकोशी पण अटळ गोष्ट मन घट्ट करून पार पाडणे. शाखा बंद करणे नकोसे आहे आणि अटळही. शस्त्रक्रियेचेही तसेच. सहज मिळालेली नोकरी मात्र नकोशीही नाही आणि अटळही नाही. म्हणून उत्तर ‘पहिले व तिसरे’. उमेदवाराला अर्थ ठाऊक होता, पण शेजारच्या अर्थापासून तो वेगळा काढणारी खूण त्याच्याजवळ नव्हती.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांशी तुलना केली की हा फरक आणखी स्पष्ट होतो. तिथे ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ हा प्रकार थेट विचारतात. नाणी जमवणारा व त्यांचा अभ्यास करणारा कोण, खाली चार पर्याय, उत्तर ‘न्यूमिस्मॅटिस्ट’. बँकेच्या पेपरात असा सरळ प्रश्न कमी दिसतो. तेच शब्द क्लोज टेस्टच्या रिकाम्या जागांत, उताऱ्याखालच्या समानार्थी शब्दांत किंवा ठळक अक्षरांतला वाक्यांश बदलायला सांगणाऱ्या प्रश्नांत दडलेले असतात. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या मागे छापलेली वर्णानुक्रमे यादी वरून खाली पाठ करण्याची रीत इथे फारशी उपयोगी पडत नाही. यादीत ‘एम’च्या पानावर शेजारी बसलेले शब्द अर्थाने एकमेकांचे कोणीच नसतात. परीक्षेत मात्र पर्याय म्हणून समोर येतात ते अर्थाने सख्खे शेजारी.

वेळेचे गणितही पाहायला हवे. आयबीपीएसच्या क्लार्क व पीओ पूर्वपरीक्षेचा रुळलेला नमुना असा की इंग्रजीचे 30 प्रश्न आणि त्यांना स्वतंत्र 20 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला 40 सेकंद. त्यातला मोठा वाटा उतारा खातो, त्यामुळे शब्दांच्या प्रश्नाला दहा-पंधरा सेकंदांच्या वर देणे परवडत नाही. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा मराठीसह 13 प्रादेशिक भाषांत घ्यावी, अशी शिफारस अर्थ मंत्रालयाने 2021 मध्ये केली. तरीही इंग्रजी भाषेचा विभाग इंग्रजीतच राहणार, हे उघड आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना नेमका तोच विभाग अडतो. म्हणून इथे मराठीचाच आधार घेऊन उजळणी कशी करता येते, हे पाहू.

आधी एका शब्दाचे प्रश्न. शब्द सुटा न घेता त्याचे शेजारी जमवून एकत्र शिकायचे. बँक परीक्षेच्या उताऱ्यांत अर्थव्यवहार वारंवार येतो, म्हणून पैशाच्या गैरव्यवहाराचे शब्द घेऊ. ‘एम्बेझलमेंट’, ‘एक्स्टॉर्शन’, ‘फोर्जरी’ आणि ‘ब्रायबरी’. चारींचा अर्थ ‘पैशाची लबाडी’ असा ढोबळ लिहिला तर चारही पर्याय बरोबर वाटू लागतात. मराठी वर्तमानपत्रांची भाषा इथे फार कामाला येते, कारण तिथे या चारींना चार वेगळे शब्द रुळलेले आहेत. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने ठेवीदारांचे पैसे खाल्ले की बातमीत ‘अपहार’ किंवा ‘अफरातफर’ येते. तीच ‘एम्बेझलमेंट’, आणि तिची खूण अशी की पैसा विश्वासाने आधीच ताब्यात दिलेला असतो. धमकावून उकळली ती ‘खंडणी’, म्हणजे ‘एक्स्टॉर्शन’, आणि खूण आहे धाक. खोटी सही किंवा बनावट दस्त तयार करणे म्हणजे ‘फोर्जरी’. इथे खूण कागदावर असते. ‘ब्रायबरी’ म्हणजे लाच, आणि तिच्यात देणाऱ्याला बदल्यात काहीतरी काम करून हवे असते. चार खुणा एकदा मनात बसल्या की प्रश्नात ‘सोपवलेले पैसे’ एवढेच शब्द दिसले तरी उत्तर सापडते.

दुसरी जोडी आहे ‘इन्सॉल्व्हंट’ आणि ‘बँकरप्ट’. बोलताना दोन्हींना दिवाळखोर म्हणतात, पण देशाचा 2016 चा कायदाच ‘इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड’ या नावाचा आहे. मराठीत त्याला नादारी व दिवाळखोरी संहिता म्हणतात. नादारी ही अवस्था आहे. देणी फेडण्याइतका पैसा माणसाजवळ किंवा कंपनीजवळ उरलेला नाही. ‘बँकरप्ट’ हा कायद्याने केलेला निवाडा आहे. प्रश्नात ‘देणी फेडू न शकणारा’ एवढेच असेल तर ‘इन्सॉल्व्हंट’ नेमका बसतो. न्यायालयाने किंवा प्राधिकरणाने तसे जाहीर केल्याचा उल्लेख असेल तर ‘बँकरप्ट’. दोन्ही शब्द एकाच प्रश्नाच्या पर्यायांत आले तर ही खूण उपयोगी पडते. ‘बँकरप्ट’ एकटाच असेल तर त्यालाच टिक करायचे.

‘मोरेटोरियम’चा अर्थ तर लाखो कर्जदारांनी प्रत्यक्ष अनुभवला आहे. कोविडच्या टाळेबंदीत, 27 मार्च 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली आणि नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या काळात हप्ता थांबला, पण व्याज चालूच राहिले. हे ज्याने घरच्या कर्जाच्या खात्यात पाहिले, तो ‘मोरेटोरियम’ आणि ‘वेव्हर’ यांची गल्लत करणार नाही. ‘मोरेटोरियम’ म्हणजे अधिकृत परवानगीने मिळालेली स्थगिती आणि ‘वेव्हर’ म्हणजे माफी. शब्दाला अशी घडलेली गोष्ट चिकटली की तो यादीतल्या शब्दापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, म्हणून जिथे अशी गोष्ट हाताशी असेल तिथे ती जरूर वापरावी.

शब्दांची मुळे पाठ करण्याचा मार्गही शिकवणी वर्गांत लोकप्रिय आहे. त्याचा उपयोग आहे, पण मर्यादेत. शेवटी ‘साइड’ आले की हत्येचा संबंध, हे कळल्यावर ‘मॅट्रिसाइड’ मातृहत्या, ‘फ्रॅट्रिसाइड’ बंधुहत्या, ‘रेजिसाइड’ राजहत्या असा एक अख्खा घोळका एकदम हाती लागतो. पण ‘फिल’ म्हणजे प्रेम एवढ्यावर विसंबून चालत नाही. ‘फिलँथ्रोपिस्ट’ म्हणजे मानवजातीवर प्रेम करणारा, अर्थात परोपकारी दानशूर. ‘फिलॅटेलिस्ट’ तिकिटे जमवणारा. आणि ‘फिलँडरर’ निघतो बायकांच्या मागे लागणारा छचोर पुरुष. तिन्हींत ‘फिल’ आहे, म्हणूनच पेपर काढणारा ते एकत्र मांडतो. मुळांवरून नको असलेले पर्याय खोडता येतात. उत्तर मात्र खुणेवरूनच ठरवावे.

वाक्प्रचारांकडे वळले की मराठी बोलणाऱ्या उमेदवाराच्या हातात एक मोठे भांडवल आहे आणि त्यातच एक धोकाही आहे. इंग्रजी वाक्प्रचारांचे तीन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात जे मराठीत जसेच्या तसे आहेत ते ठेवायचे. ‘किल टू बर्ड्ज विथ वन स्टोन’ म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ‘अॅड फ्युएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणे. ‘बेल द कॅट’ म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. ‘टर्न अप वन्स नोज’ म्हणजे नाक मुरडणे. यांच्यावर एक मिनिटही घालवू नये; एकदा वाचून बाजूला ठेवावेत.

दुसऱ्या ढिगात अर्थ ओळखीचा, पण चित्र वेगळे असते. ‘मेक एंड्स मीट’ म्हणजे महिन्याच्या खर्चाची कशीबशी तोंडमिळवणी करणे. ‘लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ’ म्हणजे हातावर पोट असणे. ‘ब्लो वन्स ओन ट्रम्पेट’ म्हणजे आपलीच टिमकी वाजवणे. ‘पे थ्रू द नोज’ म्हणजे अव्वाच्या सव्वा किंमत मोजणे. ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात असणे. हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईने लिहायची पद्धत होती, तिथून हा आला. इथे मराठी प्रतिशब्द कोशातला नको, घरात बोलला जातो तोच हवा. ‘हातावर पोट’ म्हटल्याबरोबर रोजंदारीवरचे घर डोळ्यांसमोर येते, आणि मग तीन वाक्यांपैकी महिना दोन लाख पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे वाक्य आपोआप बाद होते.

तिसरा ढीग लहान असतो, पण खरी कसोटी तिथेच. हे वाक्प्रचार दिसतात मराठीसारखे आणि अर्थ असतो भलताच. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ घ्या. मराठीत ‘हात धुवून घेणे’ म्हणजे आलेल्या संधीचा फायदा उपटणे. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ जबाबदारी झटकून मोकळे होणे. आता प्रश्न पाहा. लेखापरीक्षणात घोटाळा उघडकीस आल्यावर व्यवस्थापकाने सगळ्या प्रकरणातून ‘वॉश हिज हँड्स ऑफ’ करायचा प्रयत्न केला, असे वाक्य आहे. पर्यायांत ‘गैरफायदा घेतला’ आणि ‘जबाबदारी नाकारली’ ही दोन्ही उत्तरे आहेत. घोटाळ्याचा संदर्भ असल्याने मराठी कानाला पहिले उत्तर अगदी पटते. बरोबर आहे दुसरे. ‘पुल समवन्स लेग’ही तसाच. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणे. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा आहे, त्यात कोणाचे नुकसान होत नाही. अशा प्रत्येक वाक्प्रचारापुढे लाल शाईने मराठी अर्थ लिहून तो खोडून ठेवावा, म्हणजे कोणता अर्थ नाही हेही सोबतच लक्षात राहते.

हे सगळे डोक्यात टिकवायचे कसे, याचे उत्तर फार जुने आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आणि ठरावीक अंतराने तपासून पाहिले आणि 1885 मध्ये आपले निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वात जास्त असतो आणि पुढे तो मंदावतो, हे त्याने दाखवले. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन आणखी एक गोष्ट पाहिली. पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण आठवड्यानंतर पुढे होते ते पुन्हा न वाचता आठवून लिहिणारे. अभ्यासिकेत हायलायटर फिरवत यादी चौथ्यांदा वाचणाऱ्याला सगळे येते असे वाटते, आणि आठवड्याने सराव परीक्षेत त्यातले निम्मे आठवत नाही, त्याचे कारण हेच.

या दोन्ही गोष्टींना धरून झेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत लोकांपुढे आणली. साधा बुटाचा खोका आणि पुठ्ठ्याचे पाच कप्पे एवढे सामान पुरते. बँक परीक्षेसाठी ती अशी लावता येते.

रोज बारा नव्या चिठ्ठ्या करायच्या. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, अर्थ लिहायचा. उदाहरणार्थ, ‘विश्वासाने ताब्यात दिलेला पैसा हडपणे’, आणि खाली गाळलेली जागा ठेवून एक छोटे इंग्रजी वाक्य: कॅशियरने खातेदारांचे पैसे अमुक केले. मागच्या बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत ‘एम्बेझल’, त्याखाली खूण ‘पैसा आधीच सोपवलेला’, आणि तळाशी दोन शेजारी: धाक असेल तर ‘एक्स्टॉर्ट’, खोटी सही असेल तर ‘फोर्ज’. वाक्प्रचाराच्या चिठ्ठीवर पुढे प्रसंग लिहावा, मागे वाक्प्रचार, घरगुती मराठी आणि खूण. ‘बाइट द बुलेट’च्या मागे खूण म्हणून ‘नकोसे, पण अटळ’ इतके पुरे.

नव्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात जातात आणि हा कप्पा रोज उघडायचा. उत्तर तोंडाने म्हणायचे किंवा लिहायचे आणि मगच चिठ्ठी उलटायची. पाच सेकंदांत आले तर चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात, जो दर तीन दिवसांनी उघडतो. तिथे आले तर तिसऱ्यात, तो रविवारी. तिथून चौथ्यात, महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला. पाचवा कप्पा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा. कुठेही चुकले की चिठ्ठी थेट पहिल्या कप्प्यात परत येते, मग ती चौथ्या कप्प्यातली का असेना. हा नियम कडक वाटतो, पण तो सैल केला तर पेटीला काही अर्थ उरत नाही.

रविवारी नवी चिठ्ठी करायची नाही, फक्त उजळणी. या हिशेबाने साध्या दिवशी पंधरा-वीस चिठ्ठ्या हाताखालून जातात आणि दर तिसऱ्या दिवशी पन्नासच्या आसपास. नव्या चिठ्ठ्या लिहिण्यासकट अर्ध्या तासात काम आटोपते. सहा आठवड्यांत सव्वाचारशेच्या वर शब्द आणि वाक्प्रचार पेटीत येतात. नेटाने केले तर पूर्वपरीक्षेपुरता हा साठा बराच आहे, आणि मुख्य परीक्षेसाठी त्यातच भर घालत जाता येते.

पद्धत बिघडते ती साधारण दोन ठिकाणी. एक म्हणजे चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला आहे, अक्षर तिरके आहे, म्हणून उत्तर आठवते, अर्थामुळे नाही. तपासायला सोपा उपाय आहे. त्याच शब्दावर कोणाला तरी नवे वाक्य करायला सांगावे आणि तो शब्द तिथे बसतो का ते सांगावे. अडखळले तर चिठ्ठी पाठ झाली आहे, शब्द नाही. तेव्हा पुढच्या बाजूचे वाक्य बदलून चिठ्ठी नव्याने लिहावी. दुसरी गोष्ट, काही चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यातून हलतच नाहीत. चार वेळा परत आलेली चिठ्ठी पाचव्यांदा घोकून उपयोग नसतो. बहुतेक वेळा तिचा कोणी शेजारी चिठ्ठीवर लिहायचा राहिलेला असतो आणि दोघांची सरमिसळ होत असते. तो शोधून दोन्ही शब्द एकाच चिठ्ठीवर समोरासमोर मांडले की गुंता सुटतो. ‘परोपकारी’ आठवताना तोंडी सारखा ‘फिलँडरर’ येत असेल, तर दोघांना एकत्र बसवावे.

अर्धवट आठवलेल्या शब्दाचे परीक्षेत काय करायचे, हाही प्रश्न उरतोच. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि पर्याय पाच असतात. काहीच न कळता पाच प्रश्नांवर ठोकळेबाज टिक मारली, तर सरासरीने एक बरोबर येऊन एक गुण मिळतो आणि चार चुकून एक गुण जातो, हाती शून्य. पण खुणेवरून दोन पर्याय नक्की खोडता आले, तर अशा तीन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, म्हणजे एक गुण, आणि दोन चुकून अर्धा गुण जातो. अर्धा गुण पदरात पडतो. म्हणून एकही पर्याय खोडता येत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जावे, आणि दोन खोडता येत असतील तर उरलेल्यांतून निवडून मोकळे व्हावे. इथेच चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेले शेजारी पैसे वसूल करून देतात; ‘एम्बेझल’ आठवला नाही तरी प्रश्नात धाक नाही आणि खोटी सहीही नाही, एवढे दिसले तर दोन पर्याय गेलेच.

परीक्षेच्या आधीच्या दहा दिवसांत नवी चिठ्ठी करणे थांबवावे. पहिले तीन दिवस तिसऱ्या ढिगातले फसवे वाक्प्रचार, मग चार दिवस पहिल्या दोन कप्प्यांत अडकलेल्या चिठ्ठ्या, आणि उरलेले तीन दिवस पाचवा कप्पा एकदा पूर्ण. त्यात चुकलेल्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा रबर लावून वेगळा ठेवावा आणि परीक्षा केंद्रावर जाताना फक्त तेवढाच सोबत न्यावा. साधारण तीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा बसमध्ये पाच मिनिटांत पाहून होतो.